प्रतिसाद: व्हॉट्सॲप कम्युनिटी आणि साधा ग्रुप

>> "ग्रुपमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग केलं की झालं, मग कम्युनिटी कशाला?"

बोलणं थांबवायला ते सेटिंग पुरतं, हे बरोबर. पण त्या ग्रुपची सदस्य यादी उघडली की सगळ्यांचे नंबर दिसत राहतात. व्हॉट्सॲप कम्युनिटी म्हणजे अनेक ग्रुप एकत्र जोडणारी सोय, आणि तिच्यात सगळ्यांना सूचना देण्यासाठी एक घोषणा ग्रुप असतो; त्यात तसं होत नाही. तिथे साध्या सदस्याला ॲडमिन आणि आपल्याकडे सेव्ह असलेले लोक दिसतात, इतरांचे नंबर झाकलेले राहतात. आमच्या सोसायटीत भाडेकरू मुलींना अनोळखी मेसेज यायला लागले, तेव्हा मला हा फरक फार मोलाचा वाटला.

मात्र हे संरक्षण फक्त घोषणा ग्रुपपुरतं आहे. ए, बी, सी विंगचे ग्रुप कम्युनिटीला जोडले, तर त्यांतले सगळे आपोआप घोषणा ग्रुपमध्ये येतात. पाणी बंदची सूचना एकदाच टाकली की तिन्ही विंगना पोचते. पण बी विंगच्या ग्रुपमध्ये बी विंगवाल्यांचे नंबर पूर्वीसारखेच उघडे असतात. त्यामुळे ज्यांना नंबर द्यायचाच नाही, त्यांना विंगच्या ग्रुपात न घेता थेट कम्युनिटीच्या लिंकवरून घ्या. त्यांना सूचना मिळतील आणि नंबर फक्त ॲडमिनना आणि ज्यांच्याकडे तो आधीच सेव्ह आहे त्यांनाच दिसेल.