अनुभव धागा: 'सागरास' तेव्हा कशी वाचली होती, आता कशी वाचता?

मुक्ता_७: 'ने मजसी ने' शाळेत बहुतेकांनी म्हटलीय. लुइस रोझेनब्लॅट म्हणून एक अमेरिकन अभ्यासक होत्या, त्यांचं म्हणणं असं की कागदावरच्या ओळी म्हणजे अजून कविता नाही, वाचणारा आपलं आयुष्य घेऊन त्या ओळींपाशी येतो तेव्हा ती घडते, म्हणजे मग त्याच माणसाने वीस वर्षांनी वाचली तर वेगळी घडणार. तर करून बघूया. गाणं लावू नका, कारण चालच सांगून टाकते कुठे गलबलायचं. छापील कविता पूर्ण वाचा, कुठल्या ओळीशी अडकलात ते आणि वय लिहा. सावरकर, ब्रायटन, १९०९ वगैरे माहिती नंतर.

चकलीवाला: तेरा वर्षांचा असताना मला फक्त शेवट आवडायचा. आई अगस्तीला सांगेल, तो तुला एका आचमनात प्यायला होता! एकदम भारी धमकी, आम्ही वर्गात ओरडून म्हणायचो. आता ३६, जर्मनीत आहे, आणि धमकी वाचताना उलट वाटलं की याच्या हातात काहीच उरलेलं नाहीये म्हणून हा पुराणातला ऋषी काढतोय. अडकलो मात्र 'हा व्यर्थ भार विद्येचा' इथे. शाळेत ही ओळ होती हेच आठवत नाही. दोन डिग्र्या घेऊन बसलोय, पुढे लिहीत नाही.

मालतीकाकू: वय ६४. मुलगा आणि सून कॅनडात. मी पूर्वी नेहमी त्या मुलाच्या बाजूने वाचायचे, बिचारा तिकडे अडकलाय म्हणून. यावेळी 'तैं जननीहृद् विरहशंकितही झाले' याच्या पुढे जाईचना. म्हणजे तिला निघतानाच कळलं होतं. आणि बघा हं, त्वरित परत आणीन असं सागर म्हणतो, पण पुढे हा स्वतःसुद्धा तिला 'येइन त्वरें' सांगून निघतो. पुढे सगळा राग सागरावर. स्वतः दिलेल्या शब्दाचं काय रे बाबा?

डेकवरून: मी बोटीवर नोकरी केली, आता रिटायर. समुद्र काही वचनबिचन देत नाही, कॉन्ट्रॅक्ट कंपनी देते, आणि रिलीव्हर आला नाही तर तुम्ही तिथेच. फेस बघून तो हसतोय असं वाटतं हे मात्र खरं आहे, घरचा फोन लागला नाही की वाटतं तसं. वय लिहायचं राहिलं, ५९.

मुक्ता_७: दादा, ओळ?

डेकवरून: तीच की, फेसाची.

जुनी_वही: काकू, छान पकडलंत. पण एक गोष्ट सांगतो. सावरकरांची आई १८९२ मध्येच गेली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, आणि लंडनला निघाले १९०६ मध्ये. म्हणजे निरोप देणारी आई घरातली नव्हेच, ती भूमी आहे. शिवाय १९०९ मध्येच थोरल्या भावाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, परत गेलं तर काय वाट्याला येणार ते दिसत होतं. ही 'घरची आठवण येते' छाप कविता नाही.

मालतीकाकू: असेल हो. पण ज्याची आई लहानपणीच गेली त्याने निरोपाच्या वेळी आईच्या काळजातली शंका लिहावी, हे तुमच्या माहितीने कमी नाही झालं, मला तर जास्तच लागलं.

बिनधास्त_बोल: वाचकाला जे वाटेल तोच अर्थ, कवीचं काम लिहून झालं की संपलं. कोणीच चूक नाही, वाद कशाला.

जुनी_वही: असं रोझेनब्लॅटबाई म्हणत नाहीत. वाचनं एकाहून जास्त चालतात, पण ओळींनी अडवलं तर थांबायचं. उद्या कोणी म्हणालं की याला जबरदस्तीने हद्दपार केलं आणि मग तो बोटीवर चढला, तर 'विश्वसलों या तव वचनीं मी' ही ओळ आडवी येते. हा विश्वासाने निघालाय. 'विवासन' म्हणजे हद्दपारी, ते शेवटच्या कडव्यात येतं, ते परतीची वाट बंद झाल्यावर. काकूंचं वाचन टिकतं कारण 'येइन त्वरें' छापलेलंच आहे, आपण सगळे ते ओलांडून जात होतो इतकंच.

बिनधास्त_बोल: म्हणजे शेवटी सर ठरवणार.

जुनी_वही: ओळी ठरवणार म्हटलं मी.

परभणीकर: वय १९, पुण्यात हॉस्टेलला. समुद्र मी अजून पाहिलाच नाही त्यामुळे सागराशी भांडण वगैरे काही पोचलं नाही. पिंजऱ्यातला पोपट आणि 'ही फसगत झाली' इथे थांबलो, क्लासच्या जाहिरातीने अशीच फसगत केली आमची 😅 पण एक विचारतो, आईची झोपडी प्यारी म्हणणारा परत गेल्यावर तिथे राहील का? मी दिवाळीत घरी गेलो की चौथ्या दिवशी कंटाळतो.

चकलीवाला: भावा, हे ३६व्या वर्षी परत विचार.

मालतीकाकू: त्याला आत्ताच विचारू दे की. आमच्याकडे पण येतात ते, आठवडा झाला की लॅपटॉप उघडतात.