जळगाव–हैदराबाद: नव्या छोट्या कंपनीचं परतावा नसलेलं तिकीट घ्यावं का?

भुसावळची_सून: सासू-सासरे बुधवारी, 8 एप्रिलला रात्री 9 च्या विमानाने हैदराबादहून दुबईला दिराकडे जाणार आहेत. ते तिकीट काढून झालंय, परतावा नाही. जळगावहून एक नवी कंपनी त्याच दिवशी दुपारी साडेतीनला हैदराबादला पोचवते, माणशी 2,900, तेही विनापरतावा. दुसरा मार्ग म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून इंडिगो, माणशी 4,700 आणि वर गाडीचे 4,500. नव्या कंपनीबद्दल इथे कुणालाच माहिती नाही. तिचा भरवसा तपासायचा कसा?

केळीवाला_रावेर: काय ताई, आठ हजारांसाठी म्हाताऱ्या माणसांना टांगणीला लावता? जळगावचा इतिहास बघा ना. 2017 च्या डिसेंबरात डेक्कनने मुंबईची सेवा सुरू केली, काही महिन्यांत बंद. 2019 ला ट्रूजेट आली, तीही गेली. दरवेळी पेढे वाटायचे आणि नंतर विमानतळावर शेळ्या चरायच्या. सरळ इंडिगो घ्या.

तापीकाठ: मोठं नाव म्हणजे भरवसा, हे कुणी सांगितलं? जेट 2019 च्या एप्रिलमध्ये बंद पडली, लहान होती का ती? गो फर्स्टने 2023 च्या मेमध्ये एका रात्रीत विमानं थांबवली. आणि 2025 च्या डिसेंबरात इंडिगोची एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली, वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम बदलले तर माणसं पुरेनात. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, डीजीसीए, दर महिन्याला कंपनीवार रद्द उड्डाणांची टक्केवारी आणि वक्तशीरपणाचे आकडे काढतं. ते बघा, नव्या कंपनीचा आकडा बरा असला तर बिनधास्त घ्या.

धुळेकर_78: मुळात विनापरतावा घेऊच नका. कंपनीने विमान रद्द केलं तरी एक पैसा मिळत नाही.

रॅम्पवरचा_माणूस: धुळेकर, तसं नाही. विनापरतावा ही अट प्रवाशाने स्वतः रद्द केलं तर लागू होते, आणि तेव्हाही विमानतळाचे शुल्क परत द्यावेच लागते. कंपनीने रद्द केलं तर पूर्ण भाडं किंवा दुसरं विमान, निवड प्रवाशाची. पैशांऐवजी पुढच्या तिकिटासाठीची जमा, म्हणजे क्रेडिट शेल, घ्याच म्हणून गळ्यात मारता येत नाही. चोवीस तासांपेक्षा कमी वेळ आधी कळवलं तर वर भरपाई असते, पण नियमात ठरलेली कमाल रक्कम किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी ते. म्हणजे स्वस्त तिकिटाची भरपाईही स्वस्तच. हवामानामुळे रद्द झालं तर तेवढीही नाही.

म्हणून ताई, 2,900 रुपयांची काळजी सोडा. तुमचा खरा धोका दुबईच्या तिकिटाला आहे. दोन्ही तिकिटं वेगळ्या पीएनआरवर आहेत, त्यामुळे जळगावचं विमान चुकलं किंवा रद्द झालं तर दुबईची कंपनी ‘प्रवासी आलाच नाही’ एवढंच लिहिते.

तापीकाठ म्हणतात ते आकडे खरे, पण वक्तशीरपणा मोठ्या विमानतळांवर मोजतात. जळगाव त्यात नाही. रद्दची टक्केवारी कंपनीच्या सगळ्या मार्गांची सरासरी असते, तुमच्या बुधवारच्या विमानाबद्दल ती फार काही सांगत नाही. मी हे बघतो: फ्लाइटरडार24 वर तिकिटावरचा उड्डाण क्रमांक टाका. मागच्या आठवड्यातली त्या क्रमांकाची उड्डाणं फुकट दिसतात, कोणतं रद्द झालं, कोणतं किती उशिरा उतरलं. शेजारी विमानाचा नोंदणी क्रमांक असतो, VT- ने सुरू होणारा. कंपनीच्या गोवा, पुण्यासारख्या बाकी मार्गांवरही तेच दोन-तीन क्रमांक फिरताना दिसले, तर एक विमान दुरुस्तीला गेलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं. तुमचं विमान दिवसातली तिसरी-चौथी फेरी करत असेल तर सकाळचा उशीर दुपारी तुमच्या वाट्याला येतो.

आणि आठवड्यात किती वार उडते ते बघा. मोठ्या कंपनीचं एक विमान रद्द झालं तर तिच्याकडे दुसऱ्या शहरावरून का होईना, पोचवायला विमानं असतात. छोटीचं पुढचं विमान कधी, यावरच सगळं ठरतं.

यावलचा_पाटील: एवढं कशाला? मुंबईहून दुबईला दिवसाला कितीतरी विमानं आहेत. भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसा, सकाळी मुंबई. आम्ही नेहमी तसंच करतो.

भुसावळची_सून: पाटील काका, दुबईचं तिकीट हैदराबादहूनच काढलंय, ते आता बदलत नाही.

@रॅम्पवरचा_माणूस, बघितलं. सोम, बुध, शुक्र, रवि असे चार वार उडते. मागच्या आठवड्यात एक रद्द, एक दीड तास उशिरा, दोन वेळेवर. चारही दिवस दोनच नोंदणी क्रमांक आलटून पालटून. पुण्याच्या फेरीलाही त्यातलाच एक.

तापीकाठ: चारातलं एक रद्द, त्यावरून कंपनी वाईट ठरवायची? त्या दिवशी धुकं असेल.

रॅम्पवरचा_माणूस: चार ओळींवरून मीही ठरवणार नाही. अजून दोन आठवडे बघत राहा आणि त्याच विमानांच्या बाकी फेऱ्याही बघा. रद्द झालेल्या दिवशी पुण्याची फेरीही रद्द असेल तर बहुतेक विमानच बसलं होतं. त्या वेळी जळगावच्या बाकी कंपन्यांचीही उड्डाणं अडली असतील तर हवामान.

आणखी एक. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक लागतं. तेव्हा छोट्या मार्गांचे वार आणि वेळा बदलतात, काही मार्ग गळतात. 8 एप्रिल त्यानंतर दहाच दिवसांनी आहे. 8 च्या पुढच्या दोन-तीन आठवड्यांची तिकिटं विक्रीला आहेत का, तेच वार दिसतात का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघून घ्या. पैसे क्रेडिट कार्डाने भरा, कंपनीच बुडाली तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत, मागता येतो.

केळीवाला_रावेर: मग इंडिगोच ना शेवटी! साडेतीनला पोचून नऊचं विमान, म्हणजे सहाला विमानतळावर हजर. मध्ये उरले अडीच तास. दीड तास उशीर मागच्या आठवड्यातच झालाय.

रॅम्पवरचा_माणूस: त्याच दिवशी जायचं असेल तर हो, इंडिगो. पण सिल्लोडच्या रस्त्याला चार तास धरा, अजिंठ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला तर तीही हमी नाही. मी असतो तर सोमवारी, 6 ला, जळगावहून छोट्या कंपनीनेच पाठवलं असतं. ते रद्द झालं तर बुधवार हाताशी आहे, आणि सोमवारी सकाळी कळलं तर मनमाडहून रात्रीची अजिंठा एक्सप्रेसही. तिचं तिकीट आधी काढून ठेवा, मात्र सोमवारी ऐनवेळी रद्द केलं तर बरेच पैसे कापतात, तेवढं धरून चाला.

तापीकाठ: बघा, म्हणजे छोटी कंपनी चालते.

रॅम्पवरचा_माणूस: दोन दिवस हाताशी ठेवले तर चालते. बुधवारी थेट, तर मी नाही पाठवणार.

केळीवाला_रावेर: दोन रात्रींचं हॉटेल, जेवण, रिक्षा. वाचलेले आठ हजार त्यातच गेले की! शिवाय म्हाताऱ्यांना परक्या गावी ठेवायचं.

भुसावळची_सून: सासूबाईंची मावसबहीण मल्काजगिरीला राहते, त्यामुळे हॉटेल लागणार नाही. सासऱ्यांना मात्र साडूकडे दोन दिवस राहायचं नाही, ते अजून इंडिगोवर अडलेत. रात्री परत बोलते त्यांच्याशी.