विषय: कल्पनाताईंचे एमपीएचचे निवेदन – गुणांचा मुद्दा कुठे मांडावा?

प्रेषक: मेधा

सर्वांना नमस्कार,

कल्पनाताईंच्या अर्जाचा मसुदा जोडला आहे. विद्यापीठाच्या पोर्टलवर तो रविवारपर्यंत चढवायचा असल्याने कृपया शनिवारी दुपारपर्यंत सूचना कळवाव्यात. गणपतीच्या वेळी त्यांच्याविषयी बोलणे झालेच होते, म्हणून ओळख पुन्हा देत नाही.

अडचण एकच आहे. त्यांची बी.ए.ची पदवी दूरशिक्षणाने मिळवलेली आणि द्वितीय श्रेणीची आहे, तर आशा म्हणून केलेले काम नऊ वर्षांचे आहे. पदवी इतकी साधारण का राहिली, याचा खुलासा पहिल्याच परिच्छेदात करावा असे मला वाटते, कारण वाचणाऱ्याच्या मनात तोच प्रश्न आधी येणार. ताईंना ते पटत नाही. कोणाचे बरोबर?

सोबत त्यांच्या नोंदवहीच्या दोन पानांचे फोटोही आहेत.

मेधा

प्रेषक: वसंतराव

मेधा,

मंडळाच्या शिक्षण समितीतर्फे आपण आजवर अनेक मुलांचे अर्ज पाहिले आहेत आणि त्यासाठी एक नमुना ठरलेला आहे. तो समितीकडे न मागता मसुदा थेट यादीवर कसा आला, हे मला समजले नाही. असो.

खुलासा आधीच करावा, या तुझ्या मताशी मी सहमत आहे. त्याशिवाय बालपणातील हलाखी, सीमाभागात मराठी माणसाची होणारी कुचंबणा आणि कन्नड फॉर्म भरताना सोसावा लागणारा त्रास हे सविस्तर यायला हवे. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात बाळंतपणातील रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी झाली होती आणि ती २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तिचा आणि गडचिरोलीत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याच्या अभ्यासाचा उल्लेख अवश्य असावा. त्याने वजन वाढते.

वसंतराव

प्रेषक: अनिल (निपाणी)

वसंतरावांशी सहमत. फक्त तीन वर्षांच्या पदवीचे काय, हे आधी बघा. माझ्या मुलाच्या वेळी अमेरिकेत पदवीचे मूल्यांकन करून घेताना कॉलेजला ‘नॅक’ची अ श्रेणी आहे की नाही, यावरच गाडी अडली होती. तेव्हा निवेदन राहू दे, आधी कॉलेजचा दाखला काढा.

अनिल

प्रेषक: शर्मिला

मेधा,

सर्वांत आधी ते दोन फोटो काढून टाक. त्यांत बाळंतिणींची नावे, वाडी आणि मोबाइल क्रमांक स्पष्ट दिसत आहेत, आणि ही यादी काही खासगी जागा नव्हे. ज्यांनी ते उतरवून घेतले असतील त्यांनीही पुसावेत. जिला सार्वजनिक आरोग्य शिकायचे आहे तिच्या अर्जासोबत अशी पाने गेली, तर बाकीचे निवेदन कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

अनिलभाऊ, आपण सांगता ती अट अमेरिकेतील मूल्यांकनाची आहे. हा अर्ज ब्रिटनमधला आहे. या विद्यापीठाने पात्रतेच्या रकान्यात ‘पदवी किंवा समतुल्य अनुभव’ असेच लिहिले आहे, म्हणून तो प्रश्न इथे त्या स्वरूपात येत नाही.

आता मसुद्याविषयी. अशी निवेदने मी काही वर्षे वाचली आहेत, त्यावरून सांगते. गुणपत्रिका वाचणाऱ्यापुढे असतेच. गुण कमी का, हे त्याला फारसे विचारायचे नसते. या व्यक्तीला आकडेवारीचा अभ्यासक्रम झेपेल का, एवढे मात्र तो नक्की शोधतो. म्हणून पहिल्या परिच्छेदात दिलगिरी लिहिली, तर तो पुढचे सगळे त्याच नजरेने वाचतो. ताईंचे म्हणणे बरोबर आहे. पदवीबद्दल शेवटाकडे एक वाक्य पुरे: काम करीत असताना दूरशिक्षणाने पूर्ण केली, विषय अमुक, वर्ष अमुक. त्याला लागूनच अलीकडे केलेल्या मूलभूत संख्याशास्त्राच्या कोर्सचा उल्लेख यावा. मसुद्यात तो चौथ्या पानावर लपला आहे.

निवेदनाचा गाभा मात्र ताईंच्या वहीतच आहे आणि मसुद्यात तो अर्ध्या ओळीत संपला आहे: ‘अनेक महिला बाळंतपणासाठी माहेरी जातात, त्यामुळे पाठपुरावा होत नाही.’ मी काल त्यांना फोन करून हे नीट विचारले. त्यांचे गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या सीमेलगत आहे. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि ते माहेर बहुधा चंदगड तालुक्यात असते. इकडे गरोदरपणाच्या सगळ्या नोंदी कर्नाटकाच्या तायी कार्डावर, बाळंतपण मात्र महाराष्ट्रात. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहायचे असते. या सहा भेटी कोणी करायच्या? इकडच्या आशाला बाई गावात दिसत नाही, आणि तिकडच्या आशाच्या यादीत ती मुळातच नसते.

ताईंच्या वहीप्रमाणे दोन वर्षांत गावातील ३१ बाळंतपणांपैकी ७ सीमेपलीकडच्या माहेरी झाली. त्या बायका तीन-चार महिन्यांनी परतल्यावर ताईंनी कार्डे पाहिली, तेव्हा पाच जणींच्या कार्डावर गृहभेटीची एकही नोंद नव्हती. इथे बहुतेक जण थांबले असते. पण नोंद नसणे म्हणजे भेट झालीच नाही असे नव्हे, हे ओळखून ताईंनी त्या आयांना स्वतः विचारले. त्यांतल्या एकीच्या घरी आशाताई येऊन गेली होती, तिने फक्त कार्डावर लिहिले नव्हते. उरल्या चार. शिवाय चंदगडकडून याच गावात माहेरपणाला आलेल्या लेकी या ३१ मध्ये धरलेल्याच नाहीत, हेही त्यांनी आपणहून सांगितले. ज्या बाईला संख्येचा पाया कोणता, हे कोणी न शिकवता कळते, तिला वर्गात काय झेपेल याचा याहून चांगला पुरावा गुणपत्रिकेत नसतो.

एक काळजी घ्यावी. ‘५७ टक्के बालके भेटीविना’ असे लिहू नका. सातपैकी चार असेच लिहा. इतक्या लहान संख्येची टक्केवारी काढणाऱ्याला संख्या कळत नाही, असा अर्थ घेतला जातो. आयांनी आठवणीवर विसंबून सांगितले आहे, ही मर्यादाही एका वाक्यात यावी.

वसंतराव, गडचिरोलीविषयी: १९९९ च्या त्या अभ्यासाचा उल्लेख जवळपास प्रत्येक भारतीय अर्जात असतो, आणि नुसता उल्लेख केल्याने काही साधत नाही. इथे मात्र त्याचा थेट संबंध आहे. ती पद्धत गावातलीच बाई त्याच घरी पुन्हा पुन्हा जाते, या गोष्टीवर उभी आहे. आईच जागा बदलते तेव्हा काय होते, हा ताईंचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. मिसोप्रोस्टॉलची चाचणी महत्त्वाची खरी, पण या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. ती गाळावी.

शर्मिला

प्रेषक: वसंतराव

शर्मिलाताई,

मुद्दे ग्राह्य आहेत. परंतु सीमाभाग वगळला, तर हे निवेदन कुठल्याही तालुक्याचे होईल. कन्नड कार्ड आणि मराठी आई हा प्रश्न तुम्हाला दुय्यम वाटतो काय?

प्रेषक: शर्मिला

दुय्यम नाही. कार्डावरील सूचना आईला वाचता येत नाहीत, म्हणून ताई त्या मराठीत सांगतात, हे जरूर लिहावे. कोणता तालुका कोणत्या राज्यात असावा, याबद्दलचे मत लिहू नये. परीक्षकाला त्यातून अर्जदाराविषयी काहीच कळत नाही.

प्रेषक: मेधा

फोटो काढले आहेत, क्षमस्व.

ताईंनी सुरुवातीचा परिच्छेद काल रात्री मराठीत लिहून पाठवला. आधीचे पहिले वाक्य ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ असे होते. आता असे आहे:

‘तिसऱ्या महिन्यात एक आई माहेराहून परतली, तेव्हा तिच्या बाळाचे वजन मी झोळीच्या काट्यावर केले. जन्माच्या वेळचे वजन कार्डावर २.१ किलो लिहिले होते, आणि त्यापुढचे सर्व रकाने कोरे होते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे पहिल्या आठवड्यात जाऊन त्याचे अंग गार पडते का आणि ते नीट ओढून पिते का, हे पाहणे माझे काम आहे. त्या आठवड्यात ते बाळ माझ्या घरापासून काही किलोमीटरवर, पण दुसऱ्या राज्यात होते.’

इंग्रजी करताना मी यात काहीही वाढवणार नाही.

दुसरा प्रश्न ब्रिटिश सरकारच्या चीवनिंग शिष्यवृत्तीचा. तिथे २,८०० तासांचा अनुभव मागतात, आणि आशा तर कागदोपत्री स्वयंसेविका. नोकरीच नाही, तर तास कसे दाखवायचे? आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी फक्त ‘काम समाधानकारक आहे’ एवढेच लिहून द्यायला तयार आहेत.

मेधा

प्रेषक: अनिल (निपाणी)

स्वयंसेवा धरत नाहीत. पगारपत्रकच लागते. माझ्या पुतण्याचा अर्ज अशाच कारणाने बाद झाला होता.

प्रेषक: शर्मिला

चीवनिंग स्वयंसेवी कामाचे तासही धरते. अनिलभाऊंच्या पुतण्याचे कारण वेगळे असणार.

तास मोजताना हात आखडता ठेवावा. मूळ मार्गदर्शक सूचनांत आशाचे काम आठवड्यातून साधारण चार दिवस, दिवसाला दोन ते तीन तास असे धरले आहे. प्रत्यक्षात ते कितीतरी अधिक असते, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी दोनच तास धरा. वर्षाचे ५० आठवडे, म्हणजे ४०० तास, आणि नऊ वर्षांचे ३,६००. सर्वांत कमी हिशेबानेही २,८०० ओलांडले जातात, मग फुगवून लिहायचे कशाला? या निबंधांचे प्रश्न वेगळे असतात, त्यामुळे विद्यापीठाचे निवेदन तिथे जसेच्या तसे चिकटवू नये.

‘समाधानकारक’ असे पत्र घेऊन काही होणार नाही. अधिकाऱ्यांना तीन गोष्टी आयत्या लिहून द्या: कोणत्या वर्षापासून, किती लोकसंख्येसाठी आणि कोणते काम. सहीपुरते त्यांच्याकडे राहू द्या.

प्रेषक: वसंतराव

अधिकाऱ्यांच्या पत्राचा मजकूर आपण तयार करणे मला योग्य वाटत नाही. शिफारसपत्र ज्याचे त्यानेच लिहावे. समितीची आजवरची भूमिका हीच आहे.

प्रेषक: शर्मिला

हे शिफारसपत्र नाही, सेवेचा दाखला आहे. त्यात मत नाही, केवळ तपशील आहेत, आणि ते अधिकाऱ्यांच्याच रजिस्टरमध्ये आहेत. शिफारशीसाठी मात्र तुमचे म्हणणे मला मान्य आहे. तिथे प्रशिक्षण देणाऱ्या परिचारिकेला विचारावे. तिने ताईंना प्रत्यक्ष बाळ तपासताना पाहिले आहे. दूरशिक्षण केंद्राच्या समन्वयकाने त्यांना एकदाही पाहिलेले नाही.

प्रेषक: मेधा

विद्यापीठ एक शिफारस ‘शैक्षणिक’ असावी असे म्हणते. परिचारिका त्यात बसेल का, याबद्दल प्रवेश कार्यालयाला आज मेल केला आहे. उत्तर शनिवारपर्यंत आले नाही, तर समन्वयकांचेच नाव द्यावे लागेल. त्यांचा फोन लागत नाही. निपाणीकडील कोणाची त्यांच्याशी ओळख असल्यास कळवावे.

प्रेषक: अनिल (निपाणी)

माझ्या मेव्हण्याचे ते शेजारी आहेत. रात्री फोन करतो.