मदत हवी आहे: फोनच्या टेलिप्रॉम्प्टरवर वाचताना नजर बाजूला जाते आणि वेगही जुळत नाही

निवृत्त_कॅशियर
नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी नॉमिनी, वारस, लॉकर अशा विषयांवर छोटे व्हिडिओ करायला लागलो. सुरुवातीला पाठ करून बोलायचो, पण या विषयात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी अर्थ बदलतो. म्हणून फोनवर टेलिप्रॉम्प्टर ॲप घेतलं. आता शब्द बरोबर येतात, बाकी सगळं बिघडलंय.

मांडणी अशी: फोन आडवा, पुढचा कॅमेरा, चेहऱ्यापासून साधारण ४५ सेंमी. मजकूर पूर्ण स्क्रीनभर. स्क्रिप्ट ६४० शब्दांची आणि ॲपमध्ये एकूण वेळ ५ मिनिटं लावली आहे.

पहिला व्हिडिओ पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, शेजारी कोण उभं होतं? सारखं त्यांच्याकडे बघून बोलताय." वेगाचं म्हणाल तर मी कायम मजकुराच्या मागे धावतोय, आणि वेळ वाढवली की पुढची ओळ येईपर्यंत ताटकळतो. आणि सौ.चं म्हणणं, बोलणं पोथी वाचल्यासारखं वाटतं. तिन्ही दुखणी एकाच कारणाची आहेत की वेगवेगळी, हेच कळत नाहीये.

सातारी_कंदी
काका, फोन लांब न्या, एवढंच. दीड मीटरवर ट्रायपॉड लावा, अक्षर मोठं करा, डोळे हलताना दिसणारच नाहीत. वेगासाठी आवाज ऐकून मजकूर सरकवणारं ॲप घ्या, तुम्ही थांबलात की तेही थांबतं. बाकी सवयीने जमतं.

मोरपंखी
विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या लॉकरला सासूबाईंनी धाकट्या दिरांना नॉमिनी केलंय. म्हणजे आतलं सगळं त्यांचंच होणार का?

निवृत्त_कॅशियर
मोरपंखी, नाही. नॉमिनीच्या ताब्यात वस्तू मिळतात, हक्क वारसांचा राहतो. माझा पुढचा व्हिडिओ नेमका त्यावरच आहे, पण आधी माझी नजर सरळ होऊ दे!

सातारी कंदी, फोन लांब नेऊन पाहिला. अक्षर मोठं केल्यावर ओळी इतक्या भराभर सरकायला लागल्या की आणखी दमछाक झाली. आणि नजर बाजूला जाते ती जातेच.

धुळेकर
काका, मी काही वर्षं एका केबल वाहिनीच्या स्टुडिओत प्रॉम्प्टर चालवायचो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

आधी नजर. फोन आडवा केला की पुढचा कॅमेरा एका टोकाला जातो आणि मजकुराचा मध्य त्याच्यापासून सात-आठ सेंमी बाजूला राहतो. ४५ सेंमीवरून पाहताना हा फरक नऊ-दहा अंशांचा होतो. एवढी बाजूला गेलेली नजर कुणालाही दिसते. फोन उभा धरला तर तोच फरक खालच्या दिशेने होतो, आणि समोरच्याला खाली झुकलेली नजर बाजूच्या नजरेइतकी खटकत नाही. म्हणून पहिला नियम असा की मजकूर लेन्सच्या शेजारी नको, लेन्सच्या खाली हवा. सातारी कंदी म्हणतात तसं अंतर वाढवल्याने अंश कमी होतात हे खरं आहे. पण बाजूचा दोष अंतराने फक्त लहान होतो, जात नाही.

दुसरी गोष्ट ओळीच्या रुंदीची. आडव्या फोनवर एका ओळीत सात-आठ शब्द मावतात, म्हणजे प्रत्येक ओळीला बुबुळं डावीकडून उजवीकडे जाऊन परत येतात. ओळीत तीन किंवा चार शब्दच ठेवा. मग एका नजरेत ओळ वाचून होते. हे तपासायला व्हिडिओचा आवाज बंद करा आणि फक्त डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे पाहा. लोलकासारखी हालचाल दिसली तर ओळ अजून रुंद आहे.

तुम्हाला व्हिडिओ आडवाच हवा असेल तर घरात जुना फोन आहे का पाहा. चित्रीकरण मुख्य फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने करायचं, मजकूर दुसऱ्या फोनवर. मुख्य फोन आडवा लावताना असा फिरवा की मागची लेन्स वरच्या नाही, खालच्या कोपऱ्यात येईल. चित्र आपोआप सुलटं येतं, तरी आधी एक चाचणी घ्या. मग जुना फोन उभा करून त्याची वरची कड त्या लेन्सच्या बरोबर खाली टेकवा. ॲपमध्ये वाचायची खूण असते, बाणासारखी, ती स्क्रीनच्या अगदी वरच्या भागात ओढून घ्या. बहुतेक लोक ती मध्यावर सोडून देतात आणि फुकट पाच सेंमी गमावतात. लेन्स आणि वाचायची ओळ यांत साधारण चार सेंमी उरतील. तुम्ही १२० सेंमीवर बसलात तर फरक दोन अंशांच्या आत येतो.

मागच्या कॅमेऱ्याचा आणखी एक फायदा म्हणजे स्वतःचं तोंड दिसत नाही. पुढच्या कॅमेऱ्यात माणूस हमखास अधूनमधून स्वतःकडे बघतो. फक्त दोन्ही फोन 'व्यत्यय नको'वर टाका. नॉमिनीच्या वाक्यात मध्येच गॅस बुकिंगचा मेसेज येऊ नये.

गच्चीवरची_बाग
मला चष्मा आहे. माझ्या व्हिडिओत चष्म्याच्या काचेत चक्क पांढरा चौकोन सरकताना दिसतो. कुणी सांगेल का काय करावं?

धुळेकर
काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवा, पांढऱ्यावर काळी नकोत. तरी दिसलं तर स्क्रीनचा उजेड कमी करा आणि चष्म्याच्या काड्या कानामागे किंचित वर उचला, म्हणजे काचा खाली झुकतात.

निवृत्त_कॅशियर
मुलाचा जुना फोन सापडला. पुस्तकांच्या चळतीवर मांडणी केली आणि मुलीला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "आता माझ्याशी बोलताय." नजरेचं काम झालं. पण पोथी चालूच आहे आणि वेगही तसाच.

धुळेकर
छान. वेगासाठी एक करा. ॲप बाजूला ठेवा, स्क्रिप्टची छापील प्रत हातात घ्या आणि सौ.ना समजावून सांगतोय अशी ती निवांत वाचा, घड्याळ लावून. किती वेळ लागतो ते कळवा.

निवृत्त_कॅशियर
६ मिनिटं ४० सेकंद.

धुळेकर
मग हिशेब सोपा आहे. ६४० शब्द ६ मिनिटं ४० सेकंदांत म्हणजे मिनिटाला ९६ शब्द. तुम्ही ॲपला ५ मिनिटं सांगितलीत म्हणजे १२८. तुमच्या जिभेपेक्षा तिसरा हिस्सा जास्त वेग! धावाल नाहीतर काय. इंग्रजीसाठी सांगितलेले मिनिटाला १३०-१५० शब्दांचे आकडे मराठीला लावू नका. आपल्याकडे 'बँकेतल्यांनीसुद्धा' हा एकच शब्द मोजला जातो. आधी वेळ ६:४० लावा.

पण तेवढ्याने ताटकळणं संपणार नाही, कारण ॲप एका गतीने सरकतं आणि माणूस तसा बोलत नाही. रक्कम सांगताना आपण हळू होतो, 'थोडक्यात सांगायचं तर' हे झरकन म्हणून जातो. म्हणून जिथे थांबायचं तिथे मजकुरात रिकाम्या ओळी सोडा. साधा विराम असेल तर एक, मुद्दा बदलत असेल तर तीन. आकडे अक्षरांत लिहा. २,३५,००० दिसलं की डोळा स्वल्पविराम मोजत बसतो, 'दोन लाख पस्तीस हजार' हे सरळ वाचता येतं.

आता पोथी. स्क्रिप्टमधला एखादा परिच्छेद इथे टाकाल का?

निवृत्त_कॅशियर
हा घ्या: "बँक खात्यासाठी नामनिर्देशित केलेली व्यक्ती ही खातेदाराच्या मृत्यूनंतर बँकेकडून रक्कम स्वीकारण्यास पात्र असली तरी ती त्या रकमेची अंतिम मालक असतेच असे नाही."

धुळेकर
अपेक्षा होती तसंच आहे. मराठीत क्रियापद शेवटी आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. तुमच्या स्क्रीनवर एका वेळी चार-पाच ओळी दिसतात आणि हे वाक्य आठ ओळींचं होतं. तुम्ही 'खातेदाराच्या मृत्यूनंतर' म्हणता तेव्हा 'नाही' अजून खालून वर यायचं असतं. वाक्य होकाराच्या सुरात चालतं आणि शेवटी नकार नुसता चिकटवल्यासारखा येतो. पुढे काय आहे ते माहीत नसलेल्या माणसाचा सूर सपाटच लागतो, त्यालाच सौ. पोथी म्हणतात.

त्यामुळे वाक्य असं तोडा की त्याचं 'नाही' सुरुवात करतानाच डोळ्यांसमोर असेल. आणि ओळ ॲपला तोडू देऊ नका, श्वास जिथे तुटतो तिथे स्वतः एंटर मारा:

खातेदार गेल्यावर
पैसे नॉमिनीच्या हातात येतात.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

त्याने ते पैसे
वारसांना द्यायचे असतात.

'असे नाही'चं 'असं नाही' करा, 'केले'चं 'केलं'. बोलतो तसंच लिहा. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे ओळींमधलं अंतर वाढवा. काही ॲपमध्ये ते इंग्रजीच्या मापाने असतं आणि वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफारात किंवा अनुस्वारात घुसतो. मग 'वश' आणि 'वंश' ओळखायला अर्धा सेकंद जातो आणि तुम्ही अडखळता.

सातारी_कंदी
पण आवाज ऐकून सरकणारं ॲप घेतलं तर रिकाम्या ओळींची कसरतच नको ना?

धुळेकर
माझ्या हाती आलेली दोन ॲप मराठीत 'नॉमिनी', 'लॉकर' असे शब्द आले की अडकून बसायची. कुणाचा चांगला अनुभव असेल तर सांगा, मला हवाच आहे. तोवर ब्लूटूथची छोटी कळ बरी. मांडीवर ठेवायची, दाबली की मजकूर थांबतो, पुन्हा दाबली की चालू. स्टुडिओत तरी दुसरं काय होतं? वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आम्हीच हाताने चक्री फिरवायचो.

ध्रुवतारा७
एवढं करण्यापेक्षा फोटोफ्रेमची काच ४५ अंशांत लावा आणि तिच्यामागे कॅमेरा ठेवा. नजर थेट लेन्समध्ये, शून्य अंश. मी केलंय, खर्च दीडशे रुपये.

धुळेकर
तत्त्व बरोबर आहे, मोठे प्रॉम्प्टर असेच असतात. पण साध्या काचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून अक्षर परततं, म्हणून प्रत्येक अक्षराला फिकी सावली दिसते. काच जाड असेल तितकी सावली लांब. काना, मात्रा, अनुस्वार जवळजवळ असल्याने देवनागरीत ती जास्त छळते. शिवाय ॲपमध्ये मजकूर उलटा करायची सोय लागते आणि कॅमेऱ्याभोवती काळं कापड. तुम्हाला सावली दिसली नाही का?

ध्रुवतारा७
दिसते थोडी. सवय झाली.

निवृत्त_कॅशियर
कळवतो. स्क्रिप्ट पुन्हा लिहून काढली, ६४० चे ५७० शब्द झाले. वेळ ६ मिनिटं लावली. सौ.नी शेवटपर्यंत ऐकलं आणि पोथीचं नाव काढलं नाही. मोरपंखींचा लॉकरही त्यात घेतला आहे.

एक मात्र राहिलं. मुद्दा बदलताना तीन रिकाम्या ओळी सोडतो तिथे मी ओळ येण्याची वाट बघत लेन्सखाली टक लावून बसतो. पापणीसुद्धा हलत नाही, मुलगी त्याला 'बाबा हँग झाले' म्हणते. कळ मागवली आहे, ती आल्यावर जातं का बघतो. तोवर कुणाला काही सुचलं तर सांगा.

गच्चीवरची_बाग
मी अशा जागी कंसात 'कुंडीकडे बघ' असं लिहून ठेवते. तुम्ही हातातल्या पासबुकाकडे बघा की!