लग्नाच्या ग्रुपचा गोषवारा: घेणं-देणं सगळ्यांसमोर लिहावं का?

धाकटी_बहीण: ताईचं लग्न मार्गशीर्षात आहे. ग्रुपवर दोन्हीकडची मंडळी, मेसेजचा नुसता पाऊस. काय ठरलं, काय राहिलं, कोणाचं किती देणं हे मी लिहून टाकावं असं बाबा म्हणतात. पैसेही त्यातच लिहू का?

वहीवाला_काका: लिही. पण 'ठरलं' म्हणताना हात आखडता घे. अंगठा म्हणजे होकार नव्हे, पुष्कळदा नुसतं 'वाचलं' असतं. पुतणीच्या लग्नात 'जेवण बुफे' या मेसेजवर अंगठ्यांची रांग होती. पुढे आजीने व्हॉइस नोटमध्ये पंगतच हवी म्हटलं, मुलाच्या आईने खाली 'बरं' लिहिलं. बुफे तिथेच संपला! 'बुफे' शोधलंस तर अंगठेच सापडतील, आजीचा आवाज शोधात येत नाही. म्हणून शेवटापासून मागे वाचत जा आणि व्हॉइस नोट ऐक.

सांगलीची_सून: ठरलेलं लिहा, पैसे अजिबात नको. व्याह्यांसमोर कोणाचं देणं मांडलंत तर तो माणूस लग्नाला येईल, पण जेवणार नाही.

पिन_मारा: एवढा खटाटोप कशाला? महत्त्वाचे मेसेज पिन करा, वादाच्या गोष्टींवर पोल घ्या. झालं.

वहीवाला_काका: पोल तारखेपुरता ठीक. पण पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो, आणि 'इसार भरला' हे पिन करून निम्मे कोणी द्यायचे ते कळत नाही. समजा भाडं 1,20,000, दोन्हीकडून निम्मं. मुलाच्या काकांनी 40,000 इसार भरला. म्हणजे मुलीकडून काकांना 20,000, आणि कार्यालयाचे उरलेले 80,000 दोघांनी निम्मे. 'काकांचे 40,000 बाकी' असं लिहिलंस की गोंधळ.

कोथरूडकर: इसाराचं बोलताय म्हणून सांगतो, आमच्या कार्यालयाने तारीख बदलल्यावर एक पैसा परत दिला नाही. पावती आधी वाचा!

धाकटी_बहीण: काका, शालूचं आत्या म्हणाली 'मी बघते'. ते कुठे लिहू?

वहीवाला_काका: 'राहिलं' मध्ये. ती खरेदीला येणार की पैसे देणार, हे अजून कुठे कळलंय? आधी फोन कर. आणि प्रत्येक राहिलेल्या गोष्टीपुढे एकच नाव घाल. 'आपण सगळे' लिहिलंस तर मुंडावळ्या आदल्या रात्री शोधाव्या लागतील.

सांगलीची_सून: फोन करायचा तर पैशाचंही फोनवरच होऊ दे. हिशेब बाबांच्या वहीत.

वहीवाला_काका: मग काकांना 20,000 मिळाले की नाही, हे मुलाकडच्यांना कसं कळणार? दोन्हीकडचा एकेक माणूस घेऊन वेगळा ग्रुप करा.

सांगलीची_सून: आणि मावशीला कळलं की तिला घेतलं नाही, मग?