दंड, पूर्णविराम आणि एक जागा

> हिंदीत वाक्याच्या शेवटी उभा दंड, मग मराठीत टिंब का? आणि टिंबाआधी जागा सोडायची का?

दंड मराठीतून गेलेला नाही, तो पद्यात राहिला. अभंगाच्या चरणाअखेर आजही । आणि कडव्याअखेर ॥१॥ छापतात. गद्याला मात्र १९व्या शतकात इंग्रज कोशकार मेजर कँडी यांच्या काळात इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मिळाली आणि टिंब रुजले. हिंदी गद्याने दंड ठेवला.

आता जागेचे. टिंब आधीच्या शब्दाला चिकटूनच हवे, जागा त्याच्यानंतर. "मी आलो . तू ये" असे लिहिले आणि ओळ "आलो"वर भरली, तर टिंब एकटेच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसू शकते. उलट "आलो.तू" लिहिले, तर संगणकाला तो एकच लांब शब्द वाटतो आणि अख्खा जोड खाली सरकतो. प्रतिसाद वाचताना या दोन गोष्टींचा मला खरोखर त्रास होतो.

प्रत्येक वाक्यानंतर "....." देण्याची सवयही सोडावी. तीन टिंबे म्हणजे अर्धवट सोडलेले वाक्य. तुमचे विधान पूर्ण असेल, तर वाचणारा उगाच पुढचे शोधत राहतो.

अभंग टंकताना दंडासाठी कळफलकावरची | ही खूण वापरू नका. युनिकोडमध्ये तिचा क्रमांक U+007C, खऱ्या दंडाचा U+0964.