मदत हवी आहे: ३२ बिट फ्लोटवर घेऊनही संबळ फाटतोय

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावचे गोंधळ मी हौसेने रेकॉर्ड करतो. आतापर्यंत २४ बिटचा छोटा रेकॉर्डर होता. गोंधळी काका कथा सांगताना आवाजाची टोकं -१२ डीबीच्या आसपास राहतील असा गेन लावायचो. मग मध्येच संबळ कडाडला की लाल दिवा, आणि तेवढा भाग कायमचा गेला. कथा कुजबुजत, संबळ कानठळ्या बसवणारा. एक गेन दोघांना पुरत नाही.

गेल्या आठवड्यात बेळगावच्या मित्राचा ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर आणला. गेनला हातच लावला नाही. घरी बघतो तर संबळ ० डीबीच्या वर गेलेला, पण आवाज १२ डीबी उतरवल्यावर रेकॉर्डरच्या स्वतःच्या माइकवरची टोकं छान गोल झाली. खूश झालो!

पण संबळाजवळ लावलेल्या कॉलर माइकची लाट उतरवल्यावरही चपटीच राहिली, फक्त खाली सरकली. म्हणजे आवाज रेकॉर्डरपर्यंत पोचायच्या आधी माइकमध्येच फाटला, आणि तिथे फ्लोट काही करू शकत नाही, असं मला वाटतं. बरोबर ना?

हा माइक रेकॉर्डरच्या प्लग-इन पॉवरवर चालतो. तो तीन-चार हात लांब न्यावा, की संबळासाठी सरळ डायनॅमिक माइक घ्यावा? लांब नेला तर शेजारच्या चुलीवरच्या गप्पाही येतात. कुणी हलगी-संबळ जवळून घेतला असेल तर सांगा.